केमोथेरपी घेणारा रुग्ण, त्याचे घर आणि लसीकरण

कर्करोगावरील औषधांच्या उपचाराला, म्हणजे केमोथेरपीला, प्रारंभ झाला की त्या घरापुढे लसीकरणाचा प्रश्न हमखास उभा राहतो. रुग्णाला लस द्यावी की देऊ नये, आणि त्याच्या घरातील मुलांना पोलिओचे थेंब किंवा गोवराची सुई दिल्याने रुग्णाला बाधा होईल काय, असे हे दोन प्रश्न आहेत. ते बहुधा एकाच दमात विचारले जातात आणि उत्तरही एकच दिले जाते, आणि येथेच घोटाळा होतो. रुग्णाविषयीचा नियम घरच्यांना लावला जातो आणि घरच्यांविषयीचा रुग्णाला. ज्या मुलाला लस मुळीच देता कामा नये त्याला ती शाळेतील मोहिमेत टोचली जाते. उलट ज्या नातवंडाला ती अवश्य द्यावयाची त्याची ती आजीच्या आजाराच्या भीतीने राहून जाते. दोन्ही चुकांची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि विस्तार अधिकारी यांचा लसीकरण मोहिमांशी निकटचा संबंध येत असल्याने हा फरक त्यांना नीट ठाऊक असणे इष्ट आहे.

शरीरात काय घडते

केमोथेरपीची बहुतेक औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच. पण हाडांच्या मगजात रक्ताच्या पेशी तयार करणाऱ्या पेशीही तशाच असतात. त्यामुळे औषध दिल्यानंतर रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या घटू लागते. साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास ती सर्वांत खाली जाते आणि एकविसाव्या दिवसापर्यंत बरीचशी सावरते. पुष्कळशा उपचारांत दोन पाळ्यांमध्ये तीन आठवड्यांचे अंतर ठेवतात, ते याच कारणाने. मात्र सावरतात त्या प्रामुख्याने जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी. रोगजंतूची ओळख पटवून त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये बनविणाऱ्या व ती ओळख स्मरणात ठेवणाऱ्या ज्या लसिकापेशी, त्या सावरण्यास उपचार संपल्यानंतरही काही महिने लागतात. लसीचे सारे काम या दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर अवलंबून असते.

आता लसीकडे वळू. लसी मुख्यत्वे दोन जातींच्या आहेत. एका जातीत रोगजंतू जिवंतच असतो, परंतु प्रयोगशाळेत वाढवून वाढवून त्याची रोग उत्पन्न करण्याची शक्ती क्षीण केलेली असते. गोवर-रुबेला, कांजिण्या, क्षयरोगावरील बी.सी.जी., पोलिओचे तोंडावाटे द्यावयाचे थेंब, रोटाव्हायरसचे थेंब, पीतज्वर आणि इन्फ्लुएंझाची नाकात फवारण्याची लस या सर्व जिवंत लसी होत. दुसऱ्या जातीत जंतू मारलेला असतो, किंवा त्याचा एखादा तुकडा वा निष्प्रभ केलेले विष तेवढे घेतलेले असते. धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, कावीळ-ब, पोलिओची टोचून देण्याची लस, इन्फ्लुएंझाची टोचून देण्याची लस, न्यूमोकॉकस आणि रेबीज या लसी या वर्गात मोडतात. मेलेला जंतू वाढू शकत नाही, म्हणून दुसऱ्या वर्गातील कोणतीही लस रुग्णाला तो रोग देऊ शकत नाही. जिवंत लसीतील जंतू मात्र शरीरात थोडाफार वाढतो. निरोगी मनुष्याची प्रतिकारशक्ती ही वाढ आठवड्या-दोन आठवड्यांत थोपविते, आणि त्यातूनच संरक्षण उपजते. ही वाढ थोपविणारेच शरीरात कोणी नसले, तर क्षीण जंतूही अनावर होतो.

ही भीती केवळ तर्काची नाही. गोवराची लस प्रथम तयार झाली त्या काळात रक्ताचा कर्करोग असलेल्या काही मुलांना ती देऊन पाहण्यात आली होती. लसीतील विषाणूनेच फुप्फुसांचा दाह होऊन अशा मुलाचा मृत्यू ओढवल्याची नोंद १९६२ सालच्या वैद्यकीय वाङ्मयात आहे. तेव्हापासून नियम पक्का झाला, तो आजही बदललेला नाही: केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला कोणतीही जिवंत लस देऊ नये. उपचार सुरू होण्यापूर्वी ती द्यावयाची असल्यास निदान चार आठवडे आधी द्यावी. उपचार संपल्यावर द्यावयाची असल्यास निदान तीन महिने जाऊ द्यावेत आणि रोग आटोक्यात आहे याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी.

मोहिमेच्या दिवशी कोणाला बाजूला घ्यावे

२०१८ च्या अखेरीस महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना, आणि शाळेत जाणाऱ्यांना शाळेतच, लस टोचण्यात आली. अशा मोहिमेत वर्गशिक्षकाची नजर फार कामी येते, कारण रक्ताच्या कर्करोगाचा उपचार घेणारे मूल ओळखू येईलच असे नसते. लहान मुलांमधील या रोगाच्या सर्वांत सामान्य प्रकारात पहिले काही महिने कडक औषधे देतात आणि त्यानंतर सुमारे दोन वर्षे, कधी अधिक, तोंडाने घ्यावयाच्या गोळ्या चालतात. त्यांत एक गोळी रोजची व एक आठवड्यातून एकदा असे सामान्यतः असते. या काळात मुलाचे केस परत आलेले असतात, अंग भरलेले असते, ते शाळेत येते आणि खेळतेही. पालकही ‘आता बरा आहे’ असेच सांगतात. परंतु त्या गोळ्या म्हणजे केमोथेरपीच होय. ‘काही आजार आहे का?’ या प्रश्नाला अशा घरातून ‘नाही’ असे उत्तर येऊ शकते. म्हणून प्रश्न वेगळा विचारावा: गेल्या वर्षात मुलाला कोणत्या मोठ्या रुग्णालयात न्यावे लागले काय, आणि रोजची किंवा आठवड्याची कोणती गोळी चालू आहे काय?

प्रौढांच्या बाबतीतही असा प्रसंग येतो. २०२४ साली देशाच्या अनेक राज्यांत क्षयरोगाचा धोका अधिक असलेल्या प्रौढांना बी.सी.जी. देण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. साठ वर्षांवरील आणि वजन फार कमी असलेल्या व्यक्ती या गटात येत होत्या. केमोथेरपीने खंगलेला वृद्ध अशा यादीत सहज बसतो, किंबहुना पहिल्यांदा तोच नजरेत भरतो. बी.सी.जी. जिवंत लस असल्याने त्याला ती देणे योग्य नव्हे. मेंदूज्वरावर काही जिल्ह्यांत दिल्या जाणाऱ्या लसींपैकी एक जिवंत व एक मृत आहे. तेथे केवळ रोगाचे नाव ऐकून निर्णय न घेता कुपीवरील लसीचे नाव पाहावे लागते.

रुग्णाला कोणत्या लसी द्याव्यात

मृत लसींची रुग्णाला भीती नाही, पण त्यांचा गुण कमी येतो, हा या विषयाचा दुसरा धागा. लस टोचली, मात्र ती ओळखून घेणाऱ्या पेशीच अपुऱ्या, अशी ही स्थिती असते. म्हणून शक्य असेल तेव्हा मृत लस उपचार सुरू होण्यापूर्वी निदान दोन आठवडे द्यावी. तेवढी सवड नसेल तर लसीकरिता उपचार लांबविणे कदापि योग्य नाही. अशा वेळी दोन पाळ्यांच्या मध्ये, डॉक्टर सांगतील त्या दिवशी, लस द्यावी आणि तिचा गुण अर्धामुर्धा येईल हे गृहीत धरावे.

यांत पहिला मान इन्फ्लुएंझाच्या टोचावयाच्या लसीचा. आपल्या राज्यात हा ताप पावसाळ्यात विशेष बळावतो आणि पुन्हा हिवाळ्यात डोके वर काढतो. त्यामुळे लस पावसाळ्यापूर्वी घेतलेली बरी. ती दरवर्षी घ्यावी लागते. न्यूमोनियाच्या जंतूवरील लस दुसरी: जुन्या पद्धतीत एका प्रकारची लस देऊन निदान आठ आठवड्यांनी दुसऱ्या प्रकारची देत, तर जंतूच्या वीस जातींविरुद्धच्या नव्या लसीचा एकच डोस पुरतो. या लसी प्रौढांना बहुधा विकत घ्याव्या लागतात आणि त्यांचा खर्च थोडा नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. पैसा मोजकाच असेल तर तो कोठे घालावा, हा प्रश्न उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारण्यास संकोच वाटू नये.

लसीनंतर येणाऱ्या तापाविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण खेड्यात सर्वांत घातक चूक येथे होते. कोणतीही लस टोचल्यावर एक-दोन दिवस कणकण येऊ शकते, हे आता सर्वांना माहीत झाले आहे. ‘सुईचा ताप आहे, एक गोळी घे, उतरेल,’ असे घरातले सांगतात, आणि निरोगी माणसाच्या बाबतीत ते खरेच असते. केमोथेरपीच्या रुग्णात मात्र पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असताना आलेला ताप हा गंभीर जंतुसंसर्गाचे एकमेव लक्षण असू शकतो. गळू होण्यासाठी, पू होण्यासाठी, कफ पडण्यासाठीसुद्धा पांढऱ्या पेशी लागतात. त्या नसल्या म्हणजे या खुणा उमटतच नाहीत, आणि ताप तेवढा उरतो. ताप उतरविणारी गोळी दिली की तीही खूण पुसली जाते आणि जंतू रक्तात फैलावत राहतो. अशा स्थितीत योग्य प्रतिजैविक काही तासांत सुरू झाले नाही तर रुग्ण दगावतो.

म्हणून घरात तापमापक असलाच पाहिजे. ताप ३८.३ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे १०१ फॅरनहाइट, एकदा जरी दिसला, किंवा ३८ अंशांवर तासभर टिकला, तर लस काल घेतली होती की परवा हा विचार बाजूला ठेवून, गोळी न देता, रुग्णाला त्याच रात्री रुग्णालयात न्यावे आणि पांढऱ्या पेशींची मोजणी करून घ्यावी. त्यांतील जंतू गिळणाऱ्या पेशी एका घन मिलिमीटरमध्ये ५०० च्या खाली असतील तर तो तातडीचा प्रसंग होय. मोजणी बरी निघाली तरी ताप सुईचाच आहे असे स्वतःच समजू नये; डॉक्टरांनी तपासून तसे सांगितले तरच घरी परतावे. हा एक फेरा व्यर्थ गेला तरी चालेल.

केमोथेरपीने रक्त गोठविणाऱ्या बिंबिकाही घटतात. त्यांची संख्या ५०,००० च्या खाली असेल तर स्नायूत लस टोचण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. टोचल्यानंतर त्या जागी दोन-तीन मिनिटे बोटाने नुसते दाबून धरावे, चोळू नये. चोळल्याने आत रक्त साकळते.

एका घराचे उदाहरण

आता घरच्यांकडे वळू. नियम थोडक्यात असा की, घरच्यांना लसी द्याव्यातच, कारण ज्याला स्वतःला लसीचा फारसा उपयोग नाही त्याच्याभोवती लस घेतलेल्या माणसांचे कडे हाच त्याचा खरा बचाव. अपवाद काय तो पोलिओच्या थेंबांचा. हा नियम प्रत्यक्षात कसा लावावयाचा हे एका कल्पित, परंतु आपल्याकडे नित्य आढळणाऱ्या घरावरून पाहू.

सुमनबाई, वय ५२, यांच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली आहे. २ जूनपासून केमोथेरपी सुरू व्हावयाची आहे. दर तीन आठवड्यांनी एक अशा चार पाळ्या, म्हणजे २ जून, २३ जून, १४ जुलै व ४ ऑगस्ट; त्यानंतर २५ ऑगस्टपासून दर आठवड्याला एक अशा बारा पाळ्या, त्यांतील शेवटची १० नोव्हेंबरला. घरात पती, मुलगा, सून, अंगणवाडीत जाणारी चार वर्षांची नात आणि २८ एप्रिलला जन्मलेला नातू आहे.

सुमनबाईंनी १७ मे रोजी इन्फ्लुएंझाची लस टोचून घेतली, म्हणजे पहिल्या पाळीच्या सोळा दिवस आधी. हे उत्तम झाले. त्याच वेळी पती, मुलगा, सून व नात यांनीही ती घ्यावी. नातीला ती पूर्वी कधी दिली नसल्याने पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतील. तान्ह्याला ही लस सहा महिन्यांपूर्वी देता येत नाही. नाकात फवारण्याची लस मिळत असली तरी या घरात टोचावयाचीच लस घ्यावी.

नातवाच्या लसीकरणाचा दीड महिन्याचा टप्पा ९ जूनला येतो. तो सुमनबाईंच्या पहिल्या पाळीचा आठवा दिवस, म्हणजे त्यांच्या पांढऱ्या पेशी खाली जाण्याचा काळ. त्या दिवशी उपकेंद्रात बाळाला पाच रोगांवरील पेंटाव्हॅलंट, न्यूमोकॉकस, पोलिओची टोचावयाची लस, रोटाव्हायरसचे थेंब आणि पोलिओचे थेंब देतात. पहिल्या तीन लसी मृत असल्याने त्यांबद्दल प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो दोन प्रकारच्या थेंबांचा.

पोलिओच्या थेंबांतील जिवंत विषाणू बाळाच्या आतड्यात वाढतो आणि सुमारे सहा आठवड्यांपर्यंत विष्ठेतून बाहेर पडतो. दुपटी बदलणाऱ्या हातांवाटे तो घरात इतरांकडे जाऊ शकतो. निरोगी समाजात हा या थेंबांचा गुणच मानला जातो. केमोथेरपीच्या रुग्णाला मात्र त्यातून लकवा होण्याची शक्यता, अत्यंत विरळ का होईना, असते, आणि तिला उत्तम पर्याय उपलब्ध आहे. म्हणून अशा घरातील मुलाला थेंब न देता टोचावयाची पोलिओ लस द्यावी, असा वैद्यकीय संकेत आहे. येथे एक व्यावहारिक अडचण येते. उपकेंद्रात टोचावयाच्या लसीची जी मात्रा देतात ती त्वचेतील लहान मात्रा असून ती थेंबांच्या जोडीला म्हणून योजलेली आहे. थेंब वगळावयाचे तर पूर्ण मात्रेची, स्नायूत टोचावयाची लस दीड, अडीच व साडेतीन महिन्यांना द्यावी, हे बरे. त्याची व्यवस्था बालरोगतज्ज्ञाकडून करून घ्यावी आणि उपकेंद्राच्या कार्डावर तशी नोंद ठेवावी.

दुसराही एक मार्ग आहे, आणि तो आपल्या रीतीभातीत अनायासे बसतो. सून बाळंतपणासाठी माहेरी गेली असेल तर तिचा तेथील मुक्काम वाढवावा. तेथे बाळाला थेंबांसह सर्व लसी नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे द्याव्यात. साडेतीन महिन्यांचे थेंब ४ ऑगस्टला होतील. त्यानंतर सहा आठवडे, म्हणजे १५ सप्टेंबर उलटल्यावर, बाळ घेऊन सासरी यावे. थेंब चुकून दिले गेलेच तरी घाबरून आजीला घराबाहेर काढण्याचे कारण नाही. सहा आठवडे बाळाची दुपटी आजीने हाताळू नयेत, आणि ती हाताळणाऱ्याने प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. जन्मतः दिलेल्या थेंबांनंतर २ जूनपर्यंत पाच आठवडे गेलेले आहेत, तेव्हा तोही प्रश्न आणखी आठवडाभराच्या खबरदारीने मिटतो.

रोटाव्हायरसच्या थेंबांचे गणित निराळे आहे. त्यातील विषाणूही विष्ठेतून पडतो, विशेषतः पहिल्या डोसानंतरच्या आठवड्यात. परंतु बाळाला खरा रोटाव्हायरसचा अतिसार झाला तर त्याच्या विष्ठेतून त्याहून कितीतरी अधिक आणि पूर्ण जोमाचा विषाणू घरभर पसरेल. म्हणून ही लस टाळू नये. प्रत्येक डोसानंतर चार आठवडे दुपट्यांपासून आजीने दूर राहावे, एवढे पुरे.

नऊ महिन्यांची गोवर-रुबेला लस २८ जानेवारीला येते. घरोघर भीती असते ती नेमकी हिची, आणि ती अनाठायी आहे. या लसीतील विषाणू टोचलेल्या मुलाकडून दुसऱ्याला लागत नाही. लस टोचून आलेले बाळ त्याच संध्याकाळी आजीच्या मांडीवर बसू शकते. खरा गोवर मात्र हवेतून पसरतो. केमोथेरपीच्या रुग्णाला तो झाला तर अंगावर पुरळ न उमटताच फुप्फुसात उतरू शकतो, आणि त्यावर खात्रीचे औषध नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, गोवंडी भागात विशेषेकरून, गोवराची जी साथ आली ती विसरण्याजोगी नाही. तेव्हा नातीचे दोन्ही डोस झाले आहेत काय हे कार्ड काढून आजच पाहावे, आठवणीवर विसंबू नये.

नातीला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि ती रोज अंगणवाडीत जाते. कांजिण्यांची लस शासकीय कार्यक्रमात नाही. तरी या घरात ती विकत घेऊन द्यावी, असे माझे मत आहे. लस दिल्यानंतर क्वचित काही मुलांच्या अंगावर थोडे फोड उठतात. तसे झाले तर ते पूर्ण सुकेपर्यंत नातीने आजीजवळ झोपू नये. फोड नसतील तर कोणतेही बंधन नाही.

‘नकार’ आणि ‘सूट’

पोलिओ रविवारी या घरापुढे एक सामाजिक अडचण येते. पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाला थेंब पाजून करंगळीवर शाईची खूण करतात. पुढील दिवसांत पथक घरोघर फिरते आणि मूल राहून गेलेल्या घराच्या दारावर फुलीची खूण होते. सुमनबाईंच्या नातीच्या बाबतीत असे घडले तर पथक पुन्हा पुन्हा येईल, मग गावातील वजनदार मंडळी समजूत काढण्यास येतील, आणि बिचाऱ्या कुटुंबाला अडाणीपणाचा बोल लागेल. येथे पंचायत सदस्याने दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. एक, लसीला नकार; दुसरी, वैद्यकीय कारणाने थेंबांऐवजी टोचावयाची लस घेणे. कुटुंबाने उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून रुग्णाचा उपचार कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि घरातील मुलांना थेंब देऊ नयेत असे दोन ओळींचे पत्र घेऊन त्याची प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात व आशा कार्यकर्तीकडे द्यावी. तपासण्याची गोष्ट एकच: मुलाच्या कार्डावर टोचावयाच्या पोलिओ लसीची नोंद आहे काय? ती नसेल, तर ते मूल खरोखरच असुरक्षित आहे आणि पाठपुरावा योग्यच आहे.

रोगी संपर्कात आला तर

अंगणवाडीत एखाद्या मुलाला गोवर किंवा कांजिण्या निघाल्या, तर ज्यांच्या घरी केमोथेरपीचा रुग्ण आहे त्यांना सेविकेने वा शिक्षकाने त्याच दिवशी कळवावे. रुग्ण स्वतः रोग्याच्या संपर्कात आला असेल तर त्याला लस देऊन आता उपयोग नाही. तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शन द्यावे लागते. गोवराच्या बाबतीत ते संपर्कानंतर सहा दिवसांच्या आत द्यावे. कांजिण्यांच्या बाबतीत ते जितके लवकर तितके चांगले, दहा दिवसांपर्यंत उपयोगी पडू शकते. ते न मिळाल्यास विषाणूविरोधी गोळ्या देण्याचा निर्णय डॉक्टर घेतात. येथे दिवस मोजले जातात. ‘पुढच्या पाळीला जाऊ तेव्हा सांगू’ असे म्हणून चालत नाही.

कुत्रा चावण्याचा प्रसंगही खेड्यात नवा नाही. रेबीजची लस मृत आहे. केमोथेरपीच्या कारणाने ती थांबवू किंवा पुढे ढकलू नये. फरक एवढाच की अशा रुग्णाच्या शरीरात लसीने पुरेशी प्रतिद्रव्ये तयार होतील याचा भरवसा नसतो. म्हणून रक्त न आलेल्या किरकोळ ओरखड्यालाही, ज्याला इतरांच्या बाबतीत केवळ लस पुरते, येथे जखमेत प्रतिद्रव्यांचे इंजेक्शन देतात. लस स्नायूत, पूर्ण पाच डोस, म्हणजे चावल्याच्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी, अशी घ्यावी. त्याआधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. आरोग्य केंद्रात गेल्यावर केमोथेरपी चालू असल्याचे रुग्णाने प्रथम सांगितले पाहिजे, अन्यथा त्याला सर्वसाधारण रुग्णाप्रमाणेच वागविले जाईल.

उपचार संपल्यावर

सुमनबाईंची शेवटची पाळी १० नोव्हेंबरला संपते. तीन महिने, म्हणजे १० फेब्रुवारीपर्यंत, त्यांना जिवंत लस नाही. उपचाराच्या काळात ज्या मृत लसी घेतल्या त्यांचा गुण भरवशाचा नसल्याने त्या तीन महिन्यांनंतर पुन्हा घ्याव्या लागतील काय, हे डॉक्टरांना विचारावे. रक्ताच्या काही कर्करोगांत लसिकापेशींवर थेट हल्ला करणारी रिटुक्सिमॅब यांसारखी औषधे देतात. तेथे तीन महिने पुरत नाहीत, निदान सहा महिने थांबावे लागते. ज्याच्या मगजाचे प्रत्यारोपण झाले त्याची बालपणीच्या लसींची स्मृतीच बहुधा पुसली जाते. त्याला मृत लसी काही महिन्यांनी पहिल्यापासून द्याव्या लागतात, आणि जिवंत लसी दोन वर्षे उलटेपर्यंत देत नाहीत.

नातवाचे सोळा महिने २८ ऑगस्टला पुरे होतात. त्या वेळच्या वर्धक डोसात गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या सुईबरोबर पोलिओचे थेंबही असतात. तोपर्यंत आजीची केमोथेरपी संपून नऊ महिने झालेले असतील. रोग आटोक्यात असेल आणि कोणतेही नवे औषध सुरू झाले नसेल, तर डॉक्टरांना एकदा विचारून ते थेंब या नातवाला उपकेंद्रातच, इतर मुलांबरोबर, पाजण्यास हरकत नाही.